तीस कोळंब्यांची दोन मिनिटं

पुतळामावशी चहा बशीत ओतते, पण पिते कपातूनच. बशीतला मांजरीला.

गिऱ्हाइकाने भाव विचारला की ती आधी त्याच्या पिशवीकडे बघते, मग तोंडाकडे.

फोन आला की उठून उभी राहते. फोनवरचं माणूस दारात आल्यासारखी.

बोंबलाला ‘तो बिचारा’ म्हणते. पापलेटाचं नाव घेताना मात्र पदर सारखा करते.

कोळंबी सोलताना मोजते. ओठ हलत नाहीत. मध्ये कुणी काही विचारलं तर उत्तर देते, आकडा चुकत नाही.

इंग्रजी तिला येत नाही. पण समोरचं माणूस इंग्रजीत मनातलं बोलतंय की पाठ केलेलं, हे तिला कळतं.

यातली शेवटची गोष्ट रुतिकाला पटायला एक अख्खी दुपार लागली.

रुतिका जुईनगरची. इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झाली आणि सीवूड्सला स्टेशनसमोरच्या एका क्लासमध्ये आयईएलटीएसचं बोलणं शिकवायला लागली. परदेशी जाणाऱ्यांची ती परीक्षा. वाचणं, लिहिणं, ऐकणं आणि बोलणं असे चार भाग. बोलण्याच्या भागात परीक्षक मधेच एक कार्ड हातात देतो. कार्डावर विषय असतो आणि त्याखाली चार छोट्या ओळी. तयारीला एक मिनिट, कागद आणि पेन्सिल. मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं. परीक्षक मध्ये बोलत नाही. नुसता ऐकतो. याच दोन मिनिटांना भली भली माणसं घाबरतात.

दिशा त्यांच्यातली एक. रुतिकाची अकरावीपासूनची मैत्रीण. मूळची उरणकडची, आता नेरूळच्या एका हॉस्पिटलात नर्स. राहायला सारसोळे गावात, पुतळामावशीकडे. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलाने तिची निवड केली होती. पण तिथल्या नर्सिंगच्या नोंदणीसाठी बोलण्यात सात गुण लागतात आणि पहिल्या खेपेला दिशाला साडेसहा मिळाले होते. हॉस्पिटल थांबायला तयार होतं, पण दोनच महिने. म्हणजे अजून एक संधी. बाकी तीन भागांची तिला चिंता नव्हती. अडत होतं ते फक्त त्या कार्डापाशी.

‘‘झालं काय तिथे?’’ रुतिकाने विचारलं होतं.

‘‘पाऊण मिनिटात संपलं माझं. मग मी त्याच्याकडे बघून हसत बसले. तोही हसला. पोरगी बघायला आल्यासारखं झालं अगदी.’’

त्यामागचं कारण रुतिकाला लगेच कळलं. दिशा सहा वर्षं वॉर्डात काम करत होती. ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंट सोपवायचा तर नाव, वय, बेड नंबर, तक्रार, काय दिलं, काय द्यायचंय, खलास. तिथे लांबण लावणारीला कुणी उभं करत नाही. सहा वर्षांत दिशाची जीभ तशीच घडली होती.

या खेपेला दिशाने उपाय काढला. क्लासच्या अंकुर सरांची एक पुस्तिका होती, तीस तयार उत्तरांची. त्यातलं ‘माझ्या आदर्श प्राचार्या’ तिने तोंडपाठ केलं. प्रभाव पाडणारी व्यक्ती आली तर हेच. शिक्षक आला तरी हेच. आवडती व्यक्ती आली तरी हेच.

‘‘पाठ केलेलं ओळखतात ते,’’ रुतिका म्हणाली.

‘‘कसं ओळखणार? मी मध्ये मध्ये अडखळते. मुद्दाम. त्याचीही प्रॅक्टिस केलीय.’’

‘‘दिशा!’’

‘‘तू ऐक तर आधी. घरी ये. मावशी चिंबोऱ्या करणारे.’’

चिंबोरीपुढे रुतिकाचं काही चालत नाही. रविवारी दुपारी ती सारसोळ्याला गेली.

पुतळामावशी ओट्यावर बसून कोळंबी सोलत होती. सकाळी बाजारात मासळी घेऊन फळीवर बसायचं, दुपारी सोसायट्यांच्या ऑर्डरी साफ करायच्या, असा तिचा नेम. एका बाजूला न सोललेली रास, दुसऱ्या बाजूला बर्फावरचं पातेलं. मध्ये तिची बोटं. डोकं मुरगळायचं, कवच ओढायचं, पाठीतला काळा दोरा काढायचा. बघणाऱ्याला तीन हालचाली वेगळ्या दिसतच नाहीत.

दिशा समोरच्या पायरीवर ताठ बसली. रुतिकाने मोबाइलवर वेळ लावली. दिशा सुरू झाली. प्राचार्यांची शिस्त, त्यांचं ज्ञान, दीपस्तंभासारखं त्यांचं जीवन. ठरलेल्या दोन जागी ती अडखळली. एका जागी थोडी जास्तच. संपलं तेव्हा घड्याळात एक मिनिट पन्नास सेकंद.

‘‘वेळ तर बरोबर,’’ दिशा म्हणाली.

‘‘ही बाय कोन?’’ मावशीने विचारलं.

‘‘आमच्या कॉलेजच्या प्राचार्या.’’

‘‘मेली काय?’’

‘‘काहीतरीच काय गं मावशी! चांगल्या धडधाकट आहेत.’’

‘‘मंग फोटोला हार घातल्यासारखी कशाला बोलतंस?’’

रुतिकाला हसू आवरेना. दिशाने तिच्याकडे रागाने बघितलं.

‘‘तुला इंग्रजी कळतं का मावशी?’’

‘‘इंग्रजी नाय कळत. तू कलतंस. पाठ केलंय तू. आरतीवानी वर जातं, खाली येतं. मदी थांबलीस ती पन ठरवून. खरं आठवताना मानूस डोले फिरवतो. तू पापणी हलवली नायस.’’

रुतिकाने मोबाइल खाली ठेवला. तीन वर्षं तिने समीक्षा वाचली होती. आवाज, लय, प्रामाणिकपणा यांवर उत्तरं लिहिली होती. ती कोळंबीचं डोकं मुरगळत दोन वाक्यांत कुणी सांगेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने खात्री करून घ्यायचं ठरवलं. स्वतःच इंग्रजीत बोलायला लागली. पहिल्यांदा कॉलेजात पाठ केलेला एक निबंध. मग काल रिक्षावाल्याशी झालेलं भांडण. मग पुन्हा पुस्तिकेतला एक उतारा, पण हातवारे करून, अगदी जीव ओतून.

‘‘पाठ. खरं. पाठ,’’ मावशी म्हणाली. ‘‘आनि तिसऱ्याला जास्त नाचलीस ती कशाला? शिळ्या मासळीला लोक असंच जास्त पानी मारतात.’’

प्राचार्या तिथेच निवृत्त झाल्या.

प्रश्न उरला, मग बोलायचं कुणावर? दिशाने मावशीकडे बघितलं. मावशीने हातातली कोळंबी वर धरली. ‘‘माझ्यावर नको हां. सांगून ठेवतंय. परदेशी मानसासमोर माझं नाव घेशील आनि इथं माझ्या फळीला दृष्ट लागंल.’’

दिशाने डोकं खाजवलं. बाप, आई, भाऊ असं करत करत ती हॉस्पिटलात पोचली.

‘‘गोजरामावशी,’’ ती एकदम म्हणाली. ‘‘आमच्या वॉर्डातली आया.’’

‘‘बोल तिच्यावर,’’ रुतिका म्हणाली. ‘‘मिनिटभर विचार कर. मग सुरू.’’

दिशाने कागद घेतला. मिनिटभरात खसाखसा चार ओळी लिहिल्या, पाचवी अर्धी राहिली. मग बोलली. गोजरा, वय अठ्ठावन्न, वॉर्ड अटेंडंट, बारा वर्षं सेवा, स्वभाव प्रेमळ, माझ्यावर प्रभाव खूप. थँक्यू.

‘‘नऊ,’’ मावशी म्हणाली.

‘‘काय नऊ?’’

‘‘नऊ कोलंब्या झाल्या. मगाशी त्या हारवालीला अठ्ठावीस झाल्या होत्या.’’

रुतिकाने मोबाइल बघितला. सदतीस सेकंद. तिने मनात हिशोब केला. दोन मिनिटांच्या तीस कोळंब्या. तयारीच्या मिनिटाच्या पंधरा. हे घड्याळ परीक्षेच्या घड्याळापेक्षा चांगलं होतं, कारण त्याला रंग होता आणि वासही.

‘‘दिशा, तू पेशंट सोपवलास,’’ ती म्हणाली. ‘‘गोजरामावशीची प्रकृती स्थिर आहे एवढंच सांगायचं राहिलं.’’

मग तिने क्लासमधलं शिकवणं काढलं. कार्डावर चार ओळी असतात. व्यक्ती कोण, ओळख कशी झाली, तिने काय केलं आणि तिचा प्रभाव का पडला. कागदाचे चार भाग कर. प्रत्येकात एकच शब्द लिही. वाक्य लिहायचं नाही, मिनिट त्यातच जातं. पहिल्या दोन भागांना थोडा वेळ. तिसऱ्यात एक प्रसंग, घडलेला, नीट सांग. चौथा सगळ्यात महत्त्वाचा.

दिशाने मान हलवली. कागदाचे चार भाग केले. आणि प्रत्येकात बारीक अक्षरात एकेक वाक्य लिहिलं.

‘‘एकच शब्द!’’

‘‘एका शब्दाने मला काय आठवणार?’’

तीन दिवस असंच चाललं. रुतिका क्लास सुटल्यावर सारसोळ्याला यायची. दिशा बोलायची. मावशी सोलायची. बारा कोळंब्या. चौदा. एकदा सतरा झाल्या, पण त्यात तीन कोळंब्या ‘म्हणजे, म्हणजे’ करण्यात गेल्या होत्या. दिशा वैतागली. म्हणाली, मला बोलायचंय कुठे, मला सलाइन लावायचंय, ते मी झोपेतही लावते.

चौथ्या दिवशी मधेच मावशीचा फोन वाजला. मावशी उठून उभी राहिली. सोसायट्यांच्या गिऱ्हाइकांचा तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता. ती त्यावर लिहायची नाही. बटण दाबून धरायची आणि बोलायची.

‘‘ऐका बायांनो. कर्ली आलीय. करंज्याच्या होडीवरनं, सकालची, बर्फ लागलेला नाय. पोटात अंड्यांची गाभोळी भरलेली हाय, मी एक कापून बघितली, हाताला तेल लागलं. काटा जास्त हाय, खोटं नाय बोलनार. पन आज घ्या. उद्या वारा फिरनार, मंग आठ दिस नाय दिसनार. ज्यांची पोरं काट्याला रडतात त्यांनी नका घेऊ, त्यांना कोलंबी हाय.’’

बटण सोडलं. बसली. सोलायला लागली.

रुतिका पुढे सरकून बसली. तिने तो मेसेज पुन्हा ऐकवायला सांगितला. मग तिसऱ्यांदा.

‘‘काय गं? कर्ली पायजे काय तुला?’’

‘‘मावशी, तुम्ही हे आधी ठरवता?’’

‘‘काय ठरवायचं त्यात? काय आलंय, कुठनं आलंय, कशी हाय, आनि आज का घ्यायची. सासूनं शिकवलं. चार सांगितलं की गिऱ्हाईक उठून येतं.’’

रुतिकाने दिशाकडे बघितलं. दिशाच्याही डोक्यात उजेड पडला होता. कोण, कुठनं ओळख, कशी, आणि का. कार्डावरच्याच चार ओळी.

‘‘आणि आठवतं कसं?’’ दिशाने विचारलं. ‘‘कागद तर नसतो.’’

मावशीने पातेल्यातून कोळंब्या काढल्या. ताटलीत चार वाटे मांडले. बाजारात मांडते तसे. प्रत्येक वाट्यावर एक मोठी कोळंबी ठेवली.

‘‘वाट्यावर मोठी एकच ठेवतात. तिच्यावर नजर गेली की मानूस खालचं आपसूक बघतो. सगल्या मोठ्या वर रचल्या तर वाटा ढासलतो. तुझा कागद ढासललाय.’’

रुतिका तीन दिवस हेच सांगत होती. पण दिशाला आत्ता दिसलं. तिने कागद घेतला. चार गोल काढले. पहिल्यात लिहिलं, आया. दुसऱ्यात, पहिला आठवडा. तिसऱ्यात, तळहात. चौथ्यात पेन्सिल टेकवली आणि थांबली. पंधरा कोळंब्या झाल्या. चौथा गोल मोकळाच राहिला.

‘‘बोल,’’ रुतिका म्हणाली.

दिशा बोलली. गोजरामावशी आमच्या वॉर्डात आया आहे. मी नवीन लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या आजोबांचं ब्लडप्रेशर घ्यायला गेले. एसीमुळे माझे हात गार. मी दंड धरला तसे आजोबा दचकले आणि त्यांनी हात ओढून घेतला. गोजरामावशी फरशी पुसत होती. तिने फडकं ठेवलं, हात धुतले, माझे दोन्ही तळहात आपल्या हातांत घेतले आणि चोळले. बोलली काहीच नाही. मग मान हलवून आजोबांकडे बघितलं, म्हणजे आता जा.

दिशाचे डोळे इकडेतिकडे फिरत होते. एके ठिकाणी तिला शब्द सापडेना, तेव्हा तिने नुसतेच तळहात चोळून दाखवले आणि पुढे गेली. मग म्हणाली, म्हणून तिचा माझ्यावर प्रभाव आहे. थँक्यू.

‘‘एकवीस,’’ मावशी म्हणाली. ‘‘खरं हाय. पन मी नाय घेत.’’

‘‘का?’’

‘‘तेच तर. का, ते सांगितलंच नाय. मासली दाखवलीस, वजन केलंस आनि पिशवीत नाय भरलीस.’’

‘‘सांगितलं की. प्रभाव आहे.’’

‘‘ते नुसतं लेबल झालं,’’ रुतिका म्हणाली. ‘‘तिच्यामुळे तुझं काय बदललं?’’

दिशाने कागदावरच्या मोकळ्या गोलाकडे बघितलं. मांजर बशी चाटत होती. मावशीने सोलणं थांबवलं.

‘‘मला वाटायचं नर्सचं काम सुई टोचल्यावर सुरू होतं,’’ दिशा हळू म्हणाली. हे ती मराठीत बोलत होती. ‘‘आता मी आधी हात चोळते. प्रत्येक वेळी. नवीन पोरी मला हसतात. मागच्या महिन्यात एक आजी होत्या, दोन दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या. मी हात चोळून त्यांचा हात धरला, तर म्हणाल्या, तू कुणाची गं? एवढंच. पण मला त्या दिवशी पगार झाल्यासारखं वाटलं.’’

‘‘आता घेतली,’’ मावशी म्हणाली. ‘‘दोन वाटे दे.’’

त्यानंतर दीड महिना रोज नवीन कार्ड. आवडती जागा, हरवलेली वस्तू, मिळालेली मदत, लांबलेला प्रवास. रुतिका दिशाला एकच उत्तर घोकू देत नव्हती. चार गोल, चार शब्द, एवढंच कायम. मावशी निकाल द्यायची. ‘खरं’, ‘पाठ’, ‘ढासललं’, ‘पिशवीत नाय भरलंस’. कधी कधी ती निकाल द्यायचीच नाही, नुसतीच सोलणं थांबवून ऐकत बसायची. रुतिकाला कळायचं, आज सात.

परीक्षेच्या दिवशी मावशी फळीवर बसली होती. रुतिका सोबत होती. वाशीच्या परीक्षा केंद्रातून दिशा थेट बाजारात आली. डोळे लाल.

‘‘गेलं,’’ ती म्हणाली. ‘‘सगळं गेलं.’’

‘‘कार्ड काय आलं?’’ रुतिकाने विचारलं.

‘‘तुमच्या कामावर जिचा प्रभाव पडला अशी व्यक्ती.’’

‘‘अगं मग!’’

‘‘मी गोजरामावशीवरच बोलले. चार गोल काढले. छान चाललं होतं. तळहात सांगितले. मग ‘का’वर आले. सुईचं सांगितलं, त्या आजींचं सुरू केलं, त्या म्हणाल्या तू कुणाची, आणि तेवढ्यात परीक्षक बाईंनी हात वर करून थँक्यू म्हटलं. थांबवलं मला. मधेच! वाक्य अर्धं राहिलं.’’

रुतिकाने तिचे खांदे धरले. ‘‘वेडाबाई, दोन मिनिटं झाली की त्यांना थांबवावंच लागतं. त्याचे गुण कापत नाहीत. कुणी थांबवलं म्हणजे तू पूर्ण दोन मिनिटं बोललीस.’’

‘‘खरं?’’

‘‘मी शिकवते हे! तुला सांगितलंही होतं.’’

‘‘तेव्हा मला कुठे वाटत होतं की माझ्यावर ती वेळ येईल!’’

मावशी बर्फ सारखा करत होती. ‘‘थांबवलं तेव्हा पाटीत माल होता ना?’’

‘‘होता की. अर्धी आजी राहिली.’’

‘‘मंग रडतंस कशाला? पाटी रिकामी झाली आनि बाजार चालू हाय, तेव्हा रडायचं. बाजार उठला आनि पाटीत माल हाय, म्हंजे तू भरून आनला होतास.’’ मग जरा थांबून, पापलेट सारखं करत, ‘‘माझं काय नाव नाय ना घेतलंस?’’

‘‘तू नको म्हणाली होतीस.’’

‘‘नकोच. मी आपलं विचारलं.’’ पापलेट पुन्हा सारखं झालं. ‘‘नाय घेतलंस ते बरंच केलंस.’’

रुतिकाने दिशाला कोपराने ढोसलं.

‘‘पण मग त्यांनी कार्ड परत घेताना एक प्रश्न विचारला,’’ दिशा म्हणाली. ‘‘या बाईंबद्दल तुमच्या घरात कुणाला माहीत आहे का? मी म्हटलं, माझ्या मावशीला. तिने त्यांना बघितलं नाही, पण त्यांचे हात तिला पाठ आहेत.’’

मावशीने शेजारच्या फळीवर हाक मारली. ‘‘अगो, ऐकलंस काय? माझं नाव गेलं इंग्रजीत!’’

निकाल चौथ्या दिवशी आला. दिशाने मोबाइल स्वतः उघडला नाही, रुतिकाला दिला. बोलणं, साडेसात. रुतिकाने आकडा दोनदा वाचला आणि किंचाळली. दिशाने तिला मिठी मारली. मांजर ओट्यावरून उडी मारून पळाली.

‘‘साडेसात,’’ मावशी म्हणाली. ‘‘किती पैकी?’’

‘‘नऊपैकी.’’

‘‘दीड कुठं गेलं?’’

त्या संध्याकाळी गल्लीत कर्लीची गाभोळी वाटली गेली. गोजरामावशीसाठी एक डबा हॉस्पिटलात गेला. तिला दिशाने सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला काही आठवत नाही बाई, गार असतील हात म्हणून चोळले असतील. आणि डबा उघडून वास घेतला.

दिशा निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. बॅगा भरून झाल्या होत्या. तिघी ओट्यावर बसल्या होत्या. मावशी एकदम म्हणाली, ‘‘मला द्या ते कार्ड.’’

‘‘तुम्हाला?’’

‘‘दोन महिने ऐकतंय. माजी परीक्षा कोन घेनार?’’

रुतिकाने कार्ड मराठीत वाचून दाखवलं. तुमच्यावर जिचा प्रभाव पडला अशी व्यक्ती. कोण, ओळख कशी, तिने काय केलं, प्रभाव का पडला.

‘‘प्रभाव म्हंजे?’’

‘‘जिच्यामुळे तुम्ही बदललात.’’

‘‘मंग तसं लिवा की.’’

मावशीने बर्फाच्या थर्माकोलच्या डब्याचं झाकण घेतलं. दिशाने मार्कर दिला. मावशीने चार गोल काढले. पहिल्यात एक कुंकू काढलं. दुसऱ्यात होडी. तिसऱ्यात टोपली. चौथ्यात मार्कर टेकवला, मग उचलला. कोळंबी सोलायला या वेळी दिशा बसली होती. तिच्या पंधरा होईस्तोवर मिनिट केव्हाच उलटून गेलं असतं, म्हणून रुतिकाने मोबाइलच लावला.

मावशी फोन आल्यासारखी उठून उभी राहिली.

‘‘माजी सासू. केशरबाई,’’ ती म्हणाली. ‘‘मी उरणकडच्या करंज्याची. होडीतनं उतरले आनि तिच्या दारात आले, सतरा वर्षांची. बाजाराला घाबरायची मी. मान वर करायची नाय. एक दिस तिनं मला फळीवर बसवलं. टोपली पुढ्यात ठेवली. बोलली, बस, मी पानी आनते. आनि गेली. परत आलीच नाय. गिऱ्हाइकं आली. एक बाय बोलली, भाव काय? मला रडूच आलं. मंग बोलले. काय आलंय ते बोलले. कुठनं आलंय ते बोलले. टोपली संपली. दुपार झाली, तेव्हा ती आली. हातात पानी नाय. मी भांडले तिच्याशी, कुठं होतीस? काय बोलली नाय. ती वारली तेव्हा नारलवाल्यानं मला सांगितलं. बोलला, तुजी सासू त्या दिवशी माझ्या गाडीच्या मागं उभी होती. सकालपासनं. उन्हात. तू रडलीस तेव्हा ती पुढं येत होती. मी तिचा हात धरला, तर बोलली, सोड. आनि सोडल्यावर सुदा आली नाय.’’

दिशाच्या हातातली कोळंबी तशीच राहिली. रुतिका मोबाइलकडे बघायची विसरली.

‘‘आनि का,’’ मावशी म्हणाली. तिने झाकणावरच्या चौथ्या गोलाकडे बघितलं. ‘‘का म्हंजे...’’

फोन वाजला. सेक्टर सहाच्या बाईला अर्धा किलो कोळंबी हवी होती. आत्ताच. पाहुणे आले होते.

‘‘थांबा, देऊन येतंय,’’ मावशी म्हणाली आणि पातेलं उचललं. ‘‘उरलेलं आल्यावर.’’

रुतिकाने घड्याळ थांबवलं. एक मिनिट बावीस सेकंद.

मावशी आली तेव्हा दिशाचे काका गाडीचं विचारायला आले होते. मग शेजारणी आल्या. मग जेवणं. सकाळी विमानतळ.

दिशाला जाऊन आता आठ महिने झाले. ती दर रविवारी फोन करते. तिथे फार थंडी आहे, हात जास्त वेळ चोळावे लागतात म्हणते. फोन ठेवण्याआधी विचारते, ‘‘मावशी, चौथा वाटा?’’

‘‘हात खराब हायत,’’ मावशी म्हणते. ‘‘पुढच्या रविवारी.’’

झाकण ओट्यावरच्या खुंटीला टांगलेलं आहे. कुंकू, होडी, टोपली. चौथ्या गोलात मार्कर टेकवल्याचा एक काळा ठिपका. परवा रुतिका गेली तेव्हा मावशीने ते खाली उतरवलं होतं. मांडीवर घेऊन बसली होती, मार्करचं टोपण काढून. रुतिकाला बघून तिने ते पुन्हा खुंटीला लावलं आणि विचारलं, ‘‘चा घेनार ना?’’